टोकनवर १० टक्के टॅक्स, स्लिपेज १० टक्के, तरीही स्वॅप फेल! असं का होतं?

दिवाळीत मी पाथर्डीला घरी गेलो होतो. फराळ झाला आणि मामेभाऊ मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. म्हणाला, "दादा, तू सॉफ्टवेअरवाला ना, हे बघ जरा. टोकन घेतलं तेव्हा घेता आलं, आता विकायला गेलो तर होईना." त्याच्याकडे कुठल्यातरी ग्रुपवरून कळलेलं एक टोकन होतं. पैसे फार नव्हते, पण त्याच्या दोन महिन्यांच्या पार्ट टाइम कामाचे होते. त्याने स्लिपेज ०.५ ठेवून पाहिलं, मग ३, मग ५. कोणीतरी सांगितलं की या टोकनवर १० टक्के टॅक्स आहे, म्हणून त्याने बरोबर १० टाकलं. तरी फेल. दोनदा तर वॉलेटने लाल अक्षरात इशारा दिला असताना त्याने कन्फर्म दाबलं होतं, त्यामुळे गॅसचे पैसेही गेले. आणि ग्रुपवर एकच उत्तर होतं: "४९ टाक, होऊन जाईल."

४९ टाकलं असतं तर कदाचित झालंही असतं. पण ४९ टाकणं म्हणजे नेमकं कशाला 'हो' म्हणणं आहे, हे त्याला माहीत नव्हतं. १० टक्के टॅक्सला १० टक्के स्लिपेज का पुरत नाही, हेही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मलाही लगेच देता आलं नाही, कोड उघडून बघावा लागला. या लेखात तेच सगळं समजून घेऊया.

आधी ट्रान्सफर टॅक्स म्हणजे काय ते बघू

हा सरकारचा टॅक्स नाही. टोकन ज्याने बनवलं, त्याने टोकनच्या कोडमध्येच लिहिलेली ही कपात असते. टोकन एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर गेलं की कोड वाटेतच काही टक्के काढून घेतो आणि उरलेलं पुढे पाठवतो. काढलेला भाग कुठे जाणार हेही कोडमध्येच ठरलेलं असतं. कधी तो बाकीच्या टोकनधारकांना वाटला जातो, कधी लिक्विडिटीत टाकला जातो, कधी टीमच्या वॉलेटमध्ये जातो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे सेफमून. मार्च २०२१ मध्ये बायनान्स स्मार्ट चेनवर, म्हणजे आजच्या बीएनबी चेनवर, हे टोकन आलं. प्रत्येक व्यवहारावर १० टक्के कपात होती. त्यातले ५ टक्के धारकांना आणि ५ टक्के लिक्विडिटीला. त्या काळात पॅनकेकस्वॅपवर सेफमून घ्यायचं असेल तर "स्लिपेज ११-१२ ठेवा" हे वाक्य यूट्यूबच्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत असायचं. पण ११-१२ का, १० का नाही, हे क्वचितच कोणी सांगायचं. सेफमूनचा कोड सगळ्यांना उघडा होता, त्यामुळे थोडेफार बदल करून तोच कोड वापरलेली असंख्य टोकन नंतर आली. आज तुमच्यासमोर टॅक्सवालं टोकन आलं तर त्याचा कोड याच घराण्यातला असण्याची शक्यता बरीच आहे.

स्लिपेज म्हणजे तुम्ही घातलेली अट

एक साधं उदाहरण घेऊ. तुम्ही नगरच्या व्यापाऱ्याकडून १०० पोती कांदा पाथर्डीला मागवला. तुमची अट अशी: माझ्या दारात किमान साडेनव्व्याण्णव पोती उतरली पाहिजेत, नाहीतर गाडी परत, व्यवहार रद्द. व्यापाऱ्याने १०० पोती मोजून भरली. पण वाटेत एक नाका आहे आणि तिथे १० पोती काढून घेतात. तुमच्या दारात ९० उतरली. अट मोडली, गाडी परत गेली. व्यापारी खोटा नाही, तुम्हीही चूक नाही. फक्त नाक्याचा हिशोब कोणी धरलाच नव्हता. आणि जाण्यायेण्याचं डिझेल मात्र जळालं.

स्वॅपमध्ये अगदी हेच होतं. ॲप तुम्हाला सांगतं की इतकी टोकन मिळतील. हा आकडा पूलमधल्या भावावरून काढलेला असतो. त्यातून तुम्ही ठेवलेलं स्लिपेज वजा करून एक किमान आकडा तयार होतो. स्क्रीनवर तो `Minimum received` म्हणून दिसतो. व्यवहाराच्या शेवटी राउटर, म्हणजे स्वॅप घडवून आणणारा कॉन्ट्रॅक्ट, तुमच्या वॉलेटमध्ये खरोखर किती आलं ते मोजतो. किमान आकड्यापेक्षा कमी आलं तर सगळा व्यवहार मागे फिरवतो. टोकन जागच्या जागी राहतात, पण जळालेला गॅस परत मिळत नाही. डिझेलसारखंच.

स्लिपेजची सोय मुळात भाव हलण्यासाठी केलेली आहे. तुम्ही बटण दाबल्यापासून व्यवहार ब्लॉकमध्ये जाईपर्यंत दुसऱ्या कोणी खरेदी केली तर भाव थोडा सरकतो. त्यासाठी साध्या टोकनला ०.५ टक्के पुरतात. टॅक्सवाल्या टोकनमध्ये मात्र भाव अजिबात हलला नाही तरी १० टक्के कमीच येणार. म्हणून टॅक्सचा भारही याच स्लिपेजवर येतो.

आकडे टाकून बघू: खरेदी

हिशोब सोपा जावा म्हणून गोल आकडे घेतो. एका पूलमध्ये १०० बीएनबी आणि १ कोटी टोकन आहेत. पॅनकेकस्वॅपच्या जुन्या, म्हणजे व्ही-२ प्रकारच्या पूलमध्ये प्रत्येक स्वॅपवर ०.२५ टक्के फी असते. तुम्ही १ बीएनबी टाकला, तर फी आणि भावावरचा परिणाम धरून पूल तुम्हाला ९८,७६४ टोकन देतो. स्क्रीनवर हाच आकडा दिसतो.

आता टोकनचा १० टक्के टॅक्स. पूलमधून ९८,७६४ निघाले, वाटेत ९,८७६ कापले गेले आणि वॉलेटमध्ये ८८,८८८ आले. स्लिपेज ०.५ ठेवलं असेल तर किमान आकडा साधारण ९८,२७३ होतो. ८८,८८८ हे त्यापेक्षा खूपच कमी, म्हणून फेल. इथपर्यंत सगळ्यांना पटतं.

आता स्लिपेज १० ठेवू. आपल्याला वाटतं की ९८,७६४ मधून १० टक्के वजा केले की ८८,८८८ येतात, म्हणजे काठावर तरी बसायला हवं. पण युनिस्वॅप व्ही-२ चा जो कोड पॅनकेकस्वॅप आणि बाकी अनेकांनी उचलला, त्यात किमान आकडा वजाबाकीने काढत नाहीत. भागाकाराने काढतात:

```
minimum = quote / (1 + slippage)
```

९८,७६४ ला १.१० ने भागा. उत्तर येतं ८९,७८६. तुम्हाला मिळणार ८८,८८८. म्हणजे ८९८ टोकन कमी पडली आणि व्यवहार फेल. ११ टाकलं तर किमान ८८,९७७ येतो. तरी ८९ टोकन कमी. १२ टाकलं की किमान ८८,१८३ होतो आणि ८८,८८८ त्याच्या वर बसतात. आता स्वॅप होणार.

म्हणून २०२१ मध्ये "११-१२ ठेवा" म्हणायचे. लोकांनी चुकत माकत तो आकडा शोधला होता. खरं गणित असं की टॅक्सला, टॅक्स कापून उरलेल्या भागाने भागायचं. १० टक्के टॅक्स असेल तर १० भागिले ९०, म्हणजे ११.११. टॅक्स ५ असेल तर ५ भागिले ९५, म्हणजे ५.२६. टॅक्स १५ असेल तर १७.६५ आणि २० असेल तर सरळ २५. टॅक्स जितका मोठा, तितकी ही दरी वाढते. या आकड्यावर भाव हलण्यासाठी साधारण अर्धा ते एक टक्का ठेवायचा. म्हणजे ५ ला ६, १० ला १२, १५ ला साडेअठरा, २० ला २६.

सगळी ॲप्स हेच सूत्र वापरतात असं नाही. काही ठिकाणी सरळ वजाबाकी असते, तर काही नवी ॲप्स टॅक्स आधीच ओळखून तो वेगळा दाखवतात. म्हणून सूत्र पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट लक्षात ठेवा: स्क्रीनवर दिसणाऱ्या अंदाजातून टॅक्स वजा करा आणि `Minimum received` चा आकडा त्यापेक्षा थोडासा खाली आहे का ते बघा. कुठलंही ॲप असो, कुठलंही सूत्र असो, ही तपासणी चालतेच. ॲपने अंदाजातच टॅक्स वजा केला असेल, तर मात्र स्लिपेजमध्ये तो पुन्हा धरायचा नाही.

विक्रीत गोष्ट थोडी वेगळी आहे

मामेभावाचं अडलं होतं ते विक्रीत. खरेदीत टॅक्स पूलमधून बाहेर पडताना कापला जातो. विक्रीत तो पूलमध्ये शिरण्याआधीच कापला जातो. तुम्ही ८८,८८८ टोकन विकायला पाठवली, पण पूलपर्यंत पोचली ८०,०००. ॲपचा अंदाज मात्र ८८,८८८ वर काढलेला असतो.

यासाठी राउटरमध्ये दोन वेगवेगळी फंक्शन्स आहेत:

```
swapExactTokensForETH
swapExactTokensForETHSupportingFeeOnTransferTokens
```

पहिलं साधं. ते गृहीत धरतं की जितकं पाठवलं तितकंच पोचणार, आणि त्यावरून पूलकडे पूर्ण रक्कम मागतं. पूल बघतो की आत आलेला माल कमी आहे आणि मागणी मात्र पूर्ण आहे. मग तो नकार देतो आणि `Pancake: K` किंवा युनिस्वॅपवर `UniswapV2: K` अशी एरर येते. दुसरं लांब नावाचं फंक्शन खास टॅक्सवाल्या टोकनसाठी आहे. ते आधी पूलमध्ये खरंच किती पोचलं ते मोजतं आणि तेवढ्याचाच मोबदला मागतं. मग शेवटी तो मोबदला तुमच्या किमान आकड्याइतका आहे का ते तपासतं.

म्हणजे `Pancake: K` आली तर चुकीचं फंक्शन वापरलं गेलं, ते स्लिपेज वाढवून सुटणार नाही. `INSUFFICIENT_OUTPUT_AMOUNT` आली तर फंक्शन ठीक आहे, पण किमान आकडा जास्त आहे. तिथे स्लिपेज बघायचं.

कुठलं फंक्शन वापरायचं हे ॲप स्वतः ठरवतं. पण यात एक खाचखळगा आहे आणि तो तुमच्या हातात आहे. ॲपमध्ये दोन रकाने असतात, वरचा "मी इतकं देतो" आणि खालचा "मला इतकं हवं". टॅक्सवालं फंक्शन फक्त वरच्या रकान्यात आकडा टाकला तरच वापरता येतं. तुम्ही खालच्या रकान्यात "मला बरोबर ०.५ बीएनबी हवेत" असं टाकलं, तर त्यासाठी टॅक्सवालं फंक्शन राउटरमध्ये लिहिलेलंच नाही. मग स्लिपेज कितीही ठेवा, विक्री होत नाही. नेहमी वरच्या रकान्यात आकडा टाका.

विक्रीचे आकडे

तोच पूल पुढे नेऊ. तुमच्या खरेदीनंतर त्यात १०१ बीएनबी आणि ९९,०१,२३५ टोकन आहेत. तुम्ही ८८,८८८ टोकन परत विकायला काढली. ॲप दाखवतं ०.८९६४ बीएनबी. प्रत्यक्षात पूलमध्ये ८०,००० पोचणार, म्हणून मिळणार ०.८०७५.

स्लिपेज ११ ठेवलं तर किमान होतो ०.८०७६. म्हणजे दहा-हजाराव्या हिश्श्याच्या फरकाने फेल! १२ ठेवलं तर किमान ०.८००४ आणि विक्री होते.

मामेभावाच्या टोकनचा पूल वेगळा होता, आकडे वेगळे होते, पण प्रकार हुबेहूब हाच. १० वर फेल, ११ वर फेल. आम्ही १२ टाकलं, आकडा वरच्या रकान्यात भरला, `Minimum received` टॅक्सच्या हिशोबाशी जुळवून पाहिला आणि कन्फर्म केलं. झालं. तो आनंदाने म्हणाला, "एवढंच होतं होय!" मग वॉलेट उघडलं आणि गप्प बसला. कारण पैसे कमी आले होते.

वरच्या उदाहरणात बघा. टोकनचा भाव बाहेरच्या कोणी हलवला नाही. तुम्ही १ बीएनबी टाकला, लगेच विकला आणि ०.८०७५ परत आला. १९ टक्के गेले. घेताना १०, विकताना १०, आणि पूलची थोडी फी. हे नुकसान स्लिपेजमुळे झालेलं नाही. स्लिपेजने फक्त ते होऊ दिलं. स्वॅप "यशस्वी" होणं आणि तुमचा फायदा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा टोकनमध्ये नुसतं बरोबरीत सुटायचं तरी भाव साधारण पावपट वाढायला लागतो.

मग ४९ टाकलं तर काय बिघडतं?

पुन्हा किमान आकड्याकडे बघा. त्याच विक्रीत ४९ टाकलं तर किमान होतो ०.६०१६ बीएनबी. तुम्हाला खरं तर ०.८०७५ मिळायला हवेत. मधला ०.२०५९ चा फरक म्हणजे तुम्ही रकमेची जागा रिकामी ठेवून सही केलेला चेक आहे.

तो चेक कोण वटवू शकतं? एक म्हणजे बॉट. तुमचा व्यवहार रांगेत असताना तो पुढे घुसतो, भाव तुमच्या विरुद्ध हलवतो आणि तुमचा व्यवहार झाला की उलटा व्यवहार करून फरक खिशात घालतो. याला सँडविच म्हणतात. खरं तर मोठा टॅक्स असलेल्या टोकनमध्ये साध्या बॉटला हे सहसा परवडत नाही, कारण टॅक्स त्यालाही लागतो. पण सेफमूनसारख्या कोडमध्ये `excludeFromFee` नावाचं फंक्शन असतं. मालक हवं ते वॉलेट टॅक्समधून वगळू शकतो. त्या वॉलेटला मात्र मोकळं रान.

दुसरा धोका मोठा आहे. मूळ सेफमूनच्या कोडमध्ये `setTaxFeePercent` हे फंक्शन होतं. ते फक्त मालकाला चालवता येतं आणि टॅक्स किती ठेवायचा याला त्यात वरची मर्यादा नव्हती. ज्या टोकनमध्ये हा कोड जसाच्या तसा आला, तिथे आज १० असलेला टॅक्स उद्या ३० होऊ शकतो. तुमचं स्लिपेज १२ असेल, तर टॅक्स वाढल्याबरोबर स्वॅप फेल होईल आणि तुम्हाला कळेल की काहीतरी बदललंय. ४९ असेल तर ३२ टक्क्यांपर्यंतचा टॅक्स न बोलता कापला जाईल.

म्हणजे फेल होणारा स्वॅप कधीकधी तुमचं रक्षण करत असतो. १० टक्के टॅक्सवर १२ टक्के स्लिपेज ऐकायला मोठं वाटतं, पण त्यातलं बहुतेक टॅक्सच खाऊन टाकतो. भाव हलायला खरी जागा एक टक्क्यापेक्षाही कमी उरते. असंच घट्ट ठेवायला हवं.

टॅक्स किती आहे हे स्वतः कसं बघायचं?

ग्रुपवर सांगितलेला आकडा धरू नका. बीएससीस्कॅनवर टोकनचा पत्ता टाका, `Contract` टॅब उघडा आणि त्यात `Read Contract` वर जा. सेफमूनच्या घराण्यातल्या कोडमध्ये तिथे हे दोन आकडे दिसतात:

```
_taxFee
_liquidityFee
```

दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण टॅक्स. मामेभावाच्या टोकनमध्ये ५ आणि ५ होते. इतर टोकनमध्ये नावं वेगळी असू शकतात, आणि खरेदीचा व विक्रीचा टॅक्स वेगवेगळाही असू शकतो. घेताना ५ आणि विकताना १५ असला प्रकार काही दुर्मिळ नाही. म्हणून घेण्याआधीच विक्रीचा आकडा बघून ठेवा.

कोड वाचता येत नसेल तर दुसरा मार्ग आहे. त्या टोकनची नुकतीच झालेली एखादी यशस्वी विक्री उघडा. विकणाऱ्याच्या वॉलेटमधून किती टोकन निघाली ते बघा. मग `Logs` टॅबमध्ये `Swap` नावाच्या नोंदीत पूलमध्ये किती आली ते बघा. एक लाख निघाली आणि ८५ हजार पोचली, तर विक्रीचा टॅक्स १५ टक्के. हा आकडा कोणाच्या सांगण्यावर नाही, प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारावर आहे. आणि गेल्या बऱ्याच वेळात खरेद्या दिसतायत पण मालकाशिवाय एकाचीही विक्री दिसत नाही, तर तिथेच थांबा.

हिशोब बरोबर, तरी फेल होत असेल तर

एक शक्यता निरुपद्रवी आहे. अशा बऱ्याच टोकनचा कॉन्ट्रॅक्ट गोळा झालेला टॅक्स स्वतःच विकतो, आणि ते तो कोणाच्या तरी विक्रीच्या व्यवहारातच उरकतो. त्यावेळी नेमकी तुमची विक्री असेल तर तुमच्या आधी कॉन्ट्रॅक्टची विक्री होते आणि भाव किंचित खाली जातो. छोट्या पूलमध्ये त्यामुळे १२ पुरत नाही, १३ किंवा १४ लागतं. एकेक टक्का वाढवून बघा, एकदम उडी मारू नका.

दुसरी शक्यता म्हणजे मर्यादा. सेफमूनच्या कोडमध्ये `_maxTxAmount` आहे, म्हणजे एका व्यवहारात इतकीच टोकन हलवता येतील. त्याहून जास्त विकायला गेलात तर `TRANSFER_FROM_FAILED` सारखी एरर येते. तिथे स्लिपेजचा काही संबंध नाही, रक्कम कमी करून दोन-तीन भागात विका.

तिसरी शक्यता म्हणजे चुकीचा पूल. युनिस्वॅपच्या व्ही-३ चे राउटर ट्रान्सफर टॅक्सवाली टोकन हाताळतच नाहीत. ॲपने व्ही-३ चा मार्ग निवडला असेल तर सेटिंगमध्ये जाऊन व्ही-२ चा मार्ग निवडा.

चौथी शक्यता वाईट आहे. विकताच येऊ नये असाच कोड लिहिलेला असतो. २०२१ मध्ये 'स्क्विड गेम' मालिकेच्या नावावर आलेल्या टोकनचा भाव वर वर जात होता, कारण घेता येत होतं पण बहुतेकांना विकता येत नव्हतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भाव क्षणात शून्याजवळ आला. अशा टोकनवर ४९ काय आणि ९९ काय, स्लिपेज उपयोगाचं नाही. प्रत्येक प्रयत्नाला फक्त गॅस जातो. म्हणून वॉलेटने "हा व्यवहार बहुधा फेल होईल" असा इशारा दिला तर कन्फर्म दाबू नका. तो इशारा व्यवहार आधी तपासून पाहिल्यावरच आलेला असतो.

शेवटी दोन गोष्टी

सेफमूनचं पुढे काय झालं हे सांगायला हवं. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी कंपनीच्या प्रमुखांवर फसवणुकीचे आरोप ठेवले. टॅक्समधून जमलेली लिक्विडिटी "लॉक" आहे, तिला कोणी हात लावू शकत नाही असं लोकांना सांगितलं होतं. आरोप असा की ती लॉक नव्हती आणि त्यातले पैसे या मंडळींनी काढले. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि मे २०२५ मध्ये माजी सीईओ ब्रेडन जॉन कॅरोनी याला न्यायालयात दोषी ठरवलं गेलं. तुमच्या १० टक्क्यांतून गेलेला पैसा कुठे साठतो आणि त्याची किल्ली कोणाकडे असते, हा प्रश्न स्लिपेजपेक्षा मोठा आहे.

दुसरी गोष्ट आपल्या इन्कम टॅक्सची. टोकनचा टॅक्स भरला म्हणजे सरकारचा भरला असं होत नाही. भारतात २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. मामेभावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे दहा घेताना, दहा विकताना, आणि चुकून फायदा झालाच तर तीस तिकडे?" मी म्हटलं, बरोबर. त्याने उरलेले बीएनबी विकले आणि पैसे बँकेत टाकले. स्लिपेज परत ०.५ वर आणायला मात्र मलाच आठवण करून द्यावी लागली. तुम्हीही ते विसरू नका, कारण १२ टक्के ठेवलेलं सेटिंग पुढच्या साध्या टोकनलाही तसंच लागू होतं. तिथे टॅक्स नसतो, त्यामुळे ते सगळे १२ टक्के बॉटसाठी उघडे राहतात.